गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून दीड महिना अडकले

"मॅडम, गुडघे मागे. बोटांच्या पुढे जाता कामा नयेत." दीड महिना, आठवड्यातले तीन दिवस, हे ऐकत होते. अजून आठवलं की चिडचिड होते.

जिममधले पहिले काही आठवडे सरळ गेले. गाडी अडली ती स्क्वॅटपाशी. खाली बसले की माझे गुडघे बुटाच्या टोकाच्या थोडे पुढे जायचे. ट्रेनर सरांनी पायांच्या बोटांना टेकवून समोर बेंच आडवा ठेवला आणि गुडघा त्याला लागू न देता बसायला सांगितलं. ते जमवण्यासाठी मला कुल्ले खूप मागे ढकलावे लागायचे. मग तोल सांभाळायला छाती पुढे वाकायची. खांद्यावर ४० किलोचा बार. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या ताज्या आणि कंबर आखडलेली. सरांना सांगितलं तर म्हणाले, कंबर कमजोर आहे. मग कंबरेचे व्यायाम वाढले, बार २० किलोवर आला आणि बेंच मात्र तिथेच राहिला. माझी मांडी किती लांब आहे, घोटा किती वाकतो, हे त्या दीड महिन्यात कुणीही पाहिलं नाही.

शेवटी कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला आरशाला बाजू करून बसायला लावलं आणि टेप काढली. समजावलं ते असं. तोल राहायचा तर बार पावलाच्या मध्यावरच असावा लागतो. त्या मध्यातून एक उभी रेघ कल्पा. गुडघा रेघेच्या पुढे, खुबा रेघेच्या मागे. माझी मांडी ४२ सेंटिमीटर. मांडी जमिनीला समांतर झाली की ही दोन्ही अंतरं मिळून ४२ होतात. मोकळेपणाने बसले तर गुडघा रेघेच्या १८ सेंटिमीटर पुढे, म्हणजे बोटांच्या ५ पुढे, आणि खुबा २४ मागे. बेंच लावला की त्याला लागू नये म्हणून गुडघा १०वरच थांबतो आणि खुबा ३२वर जातो. बार तोच, पण त्याचा गुडघ्यावरचा जोर निम्म्याच्या जवळ येतो आणि खुब्यावरचा एक तृतीयांशाने वाढतो. गुडघ्याकडून काढून घेतलेला भार हवेत विरत नाही, तो खुब्याकडे आणि कंबरेकडे जातो.

म्हणजे बदलतं काय, तर काम कुणी करायचं ते. गुडघा पुढे गेला की मांडीच्या पुढचे स्नायू, क्वाड्स, जास्त राबतात. कुल्ले मागे गेले की कुल्ल्यांचे स्नायू म्हणजे ग्लूट्स, मांडीच्या मागचे स्नायू आणि पाठीचा कणा सरळ धरणारे स्नायू राबतात. मला क्वाड्स हवे होते, मिळत होती कंबर.

त्यांनी २००३च्या एका अभ्यासाबद्दलही सांगितलं. सरावलेल्या ७ पुरुषांनी स्वतःच्या वजनाइतका बार घेऊन स्क्वॅट केले, एकदा मोकळे आणि एकदा गुडघ्यांसमोर लाकडी फळी लावून. फळीमुळे गुडघ्यावरचा जोर साधारण पाचव्या हिश्शाने उतरला, पण खुब्यावरचा दहापटीहून जास्त वाढला. माझ्या हिशोबात फक्त बारचं वजन आहे, तिथे सगळं शरीर मोजलं होतं, म्हणून आकडे वेगळे. दिशा मात्र तीच.

बेंच काढला. पहिल्याच दिवशी मांड्या थरथरल्या, कंबर गप्प. त्या दिवशी जिममधून निघताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

तसं पाहिलं तर आई अजून उकिडवी बसून भाजी निवडते, तालमीतल्या बैठकांत तर टाचाही उचलतात. जिना उतरतानाही गुडघा बोटांपुढे जातोच.

पण गुडघ्यावरचा भार खरोखर वाढतो, हे नाकारू नका. वाटीमागे किंवा वाटीखालच्या कंडरेत दुखत असेल, तर काही काळ गुडघा कमी पुढे नेणं शहाणपणाचं आहे. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तसंच. मला लावून दिलेली खूण अशी होती: व्यायामानंतर दुसऱ्या सकाळी जिना उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर वजन घाईने वाढवलंय, मागे या. मी ४०वर परत जायला पाच आठवडे घेतले.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: बोटांकडे नाही, टाचेकडे बघा. वजन घेतलेलं असताना टाच उचलली गेली तर भार चवड्यावर सरकलाय. बहुधा घोटा पुरेसा वाकत नसतो. भिंतीपासून अंगठा १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. माझा डावा लागला, उजवा ७वरच अडला. म्हणून मी अजूनही दोन्ही टाचांखाली वजनाची पातळ प्लेट ठेवते.