शनिवारी रात्री दहा ते सहा

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. मध्येच तिच्याकडे गजर वाजला. "थांब गं, बाबांची कूस बदलायची वेळ झाली," म्हणत तिने फोन बाजूला ठेवला, बंद केला नाही. चादर सरकल्याचा आवाज, मग "बाबा, आता डावीकडे हं", मग नुसता तिचा धापा टाकलेला श्वास. १८ मिनिटांनी तिने फोन परत हातात घेतला, तेव्हा आपण कशाबद्दल बोलत होतो ते तिला आठवेना.

मी सवयीने म्हणाले, "काही लागलं तर सांग हं." ती "हो" म्हणाली. ती कधीच सांगणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तिच्या बाबांना पक्षाघात झाल्याला दोन महिने झाले. उजवी बाजू गेली आहे, स्वतःहून कुशीवर वळता येत नाही. एकाच जागी भार राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडीखालचं मांस मरायला लागतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळी ओलं झालंय का बघायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवायची. म्हणजे तिला सलग झोप मिळते ती फार तर दीड तास, तीही लगेच डोळा लागला तर. दोन महिने हे असंच चाललंय. आणि मी तिला सांगत होते की काय लागेल ते तूच ठरव, तूच माग!

मग मेसेज लिहायला घेतला. पहिल्यांदा लिहिलं, "तू खूप खंबीर आहेस." खोडलं. ते वाचून तिला आणखी खंबीर राहावं लागलं असतं. "स्वतःची काळजी घे" तर लिहिलंच नाही; तिच्या यादीत अजून एक काम कशाला? शेवटी हे पाठवलं:

"आज फोनवर १८ मिनिटं मी तुझा श्वास ऐकत होते. तू किती दमली आहेस ते मला आज कळलं, उशिरा कळलं. शनिवारी रात्री दहा ते सकाळी सहा मी बाबांजवळ बसते. तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोप, फोन माझ्याकडे दे. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी तासभर येते, कूस कशी बदलायची ते मला तुझ्यादेखत एकदा करू दे. औषधं आणि भरवणं मात्र मी करणार नाही, ठसका लागला तर मला जमणार नाही. ते तू झोपण्याआधी उरकून घे. पुढचे चार शनिवार मी मोकळे ठेवलेत. 'हो' किंवा 'नको' एवढंच लिही. घर आवरू नकोस."

काय जमणार नाही ते लिहिताना हात अडखळला होता. पण त्याशिवाय तिला झोप लागली नसती, माझ्यावर लक्ष ठेवत ती जागीच राहिली असती. 'चार शनिवार' हेही मुद्दाम लिहिलं. 'कधीही हाक मार' म्हणणारे तिला खूप भेटलेत, पण तारीख कोणी दिलेली नाही.

बुधवार

पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी उत्तर आलं होतं. "हो."

शुक्रवार

शिकून आले. बाबांच्या कंबरेखाली एक आडवी चादर कायम घातलेली असते. दोघींनी ती दोन्हीकडून धरून त्यांना किंचित उचलायचं आणि मग सरकवायचं. फरफटलं तर कातडी सोलते. उजवा हात धरून कधीच ओढायचं नाही, लुळा पडलेला खांदा निखळू शकतो. एकटीला करायचं तेव्हा आधी गुडघा दुमडून घ्यायचा, मग खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवायचं. मला तीनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट थोपटलं.

मग तिने माकडहाडावरचा एक डाग दाखवला. बोटाने दाबून सोडलं की जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली पाहिजे. फिकी पडलीच नाही तर जखमेची ती सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतेय का, तेही हाताने बघायचं. तसं काही जाणवलं तर त्या बाजूवर निजवायचं नाही आणि तिला उठवायचं. तिला उठवायची एवढी दोनच कारणं आम्ही ठरवली: हे, आणि श्वासाचा आवाज बदलला तर.

निघताना दारात ती म्हणाली, "मला झोप लागेल ना गं?" मी म्हटलं, "नाही लागली तरी पडून राहा, गजर माझ्याकडे आहे."

आताच नखं कापली. फोनवर बारा, दोन आणि चारचे गजर लावून ठेवलेत.