मराठी भाषा गौरव दिन आणि पालकांची भाषणे

येत्या २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात पालकांनी प्रत्येकी दोनच मिनिटे बोलावे, असा लेकीच्या वर्गशिक्षिकांचा निरोप मस्कतमध्ये वाचला आणि आधी थोडा रागच आला. इथे आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात पाहुणा पाऊण तास बोलला तरी त्याला कुणी थांबवत नाही, आणि रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या शाळेने मात्र घड्याळ लावावे! कारणे मात्र रास्त निघाली. शाळा दहावीचे परीक्षा केंद्र असल्याने दुपारी दोनपर्यंत ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि यंदा रमजान असल्याने अनेक पालकांना रोजा सोडायला वेळेवर घरी पोहोचायचे असते; म्हणून तीन ते पाच एवढाच वेळ हाती राहतो. त्यात त्या दिवशी एकादशी, त्यामुळे अल्पोपाहाराचा खर्च आपोआप वाचला.

कवितांचे लवकर ठरले. मालगुंड जवळच असल्याने केशवसुत हवेतच, पण तीच कविता मुलांनी एकामागून एक म्हणण्याऐवजी एका वर्गाने मिळून म्हणायची. पुस्तकांना दमट हवेत कसर लागते, म्हणून ती आठवडाभर आधी कपाटातून काढून, झटकून सावलीत ठेवायची आणि मुलांना उचलून चाळता येतील अशी उघड्या बाकांवर मांडायची.

अडले ते भाषणांपाशी. पालकांचे मसुदे बाईंनी मला पाठवले, तेव्हा बहुतेकांत ज्ञानेश्वर माऊली आणि २०२४ साली मिळालेला अभिजात दर्जा याच क्रमाने आले होते. एकच भाषण मुलांनी कितीदा ऐकायचे? परदेशात बसून सूचना करणे सोपे असते, असे कुणी म्हणेल; पण मजकूर वाचायला शांत वेळ इथेच मिळतो, हेही खरे. प्रत्येकाने आपल्या कामातली एकच गोष्ट सांगावी, असे मी सुचवले.

डोल जाळ्यावर काम करणाऱ्या एका वडिलांनी नवा मसुदा बोलून पाठवला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या पाण्याला ओढ कमी, म्हणून जाळे नीट फुगत नाही, मासळी कमी मिळते आणि तेच दिवस जाळी दुरुस्त करायला सापडतात, असे त्यांनी सांगितले. तरीही चार मिनिटे झाली. पुन्हा ऐकल्यावर कळले की निम्मा वेळ मुख्याध्यापक, सरपंच आणि उपस्थितांना उद्देशून नमस्कार करण्यात गेला होता. तेवढे नमस्कार सूत्रसंचालिकेकडे दिले आणि त्यांचे बोलणे कुठेही न कापता वेळेत बसले.

बोलण्याचा क्रम आडनावांच्या अक्षरांनुसार लावला होता, तो मात्र बदलावा लागला. एकादशीपासून पाण्याची ओढ वाढू लागते आणि त्यांना संध्याकाळच्या आत बोटीवर पोहोचायचे आहे, म्हणून त्यांचे भाषण पहिले ठेवले आहे.