काकांचं निरोपाचं भाषण आणि त्याचं इंग्रजी

मी भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. म्हणजे कस्टमरकडून इंग्रजीत आलेल्या वर्क इन्स्ट्रक्शन ऑपरेटर लोकांसाठी मराठीत करायच्या आणि शॉपवरचं मराठी रिपोर्टात इंग्रजी करायचं. माणसाचं भाषण, तेही हसवणारं, भाषांतर करायची वेळ आली ती आमच्या क्वालिटीच्या मॅडम कॉव्हेंट्रीला निघाल्या तेव्हा. त्यांना आमच्या कस्टमरकडेच नोकरी लागली होती, त्यामुळे निरोप समारंभाला कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे आणि समोर स्क्रीनवर तिकडची टीम, म्हणजे त्यांचे होणारे साहेब, असा प्रकार होता. बोलणार होते टर्निंग सेक्शनचे काका. काकांना सातारकडची मराठी सोडून दुसरं काही नको असतं आणि ते बरोबरच आहे, कारण ते त्या भाषेत जसं बोलतात तसं आमच्याकडे कोणी बोलत नाही.

आदल्या रात्री मी काकांना म्हटलं, भाषण व्हॉइस नोट करून पाठवा. ते म्हणाले, "ताई, भाषण काय पाठ करायचं असतं का?" पण पाठवली. मी ती ऐकत ऐकत वहीत उतरवली आणि मग खरी काळजी लागली. पहिलंच वाक्य होतं, "ही बाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही." आता आमच्याकडे हे ऐकून सगळे खूश होणार, पण तिकडे नवीन साहेबांसमोर हेच सरळ इंग्रजीत गेलं तर कौतुकाच्या ऐवजी तक्रार वाटणार. आपल्याकडे जवळच्या माणसाचं कौतुक करताना आधी दोन शिव्या घालायची पद्धत आहे आणि ती जवळीक आवाजात असते, शब्दात नसते. कागदावर उतरवलं की आवाज जातो, शिवी तेवढी राहते.

शब्द सौम्य करायचा तर काकांचं भाषण काकांचं राहत नाही. म्हणून मी काकांना फोन केला आणि विचारलं, ऐकत नाही म्हणता, तर असं कधी झालं होतं ते सांगा ना. मग त्यांनी जो किस्सा सांगितला तो मी त्यांना भाषणातच घालायला लावला.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी एक अॅल्युमिनियमचा लॉट जायचा होता, 50 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ड्रॉइंगप्रमाणे 50.000 ते 50.025 मध्ये पाहिजे. काकांनी मशीनवरून जॉब, म्हणजे बनवलेला भाग, काढला, गरम गरम बोअर गेजला लावला, 50.010 आलं, ओके म्हणून पुढे ढकलला. मॅडमनी तेच जॉब स्टँडर्ड रूममध्ये 20 डिग्रीला थंड होऊ दिले आणि मग मोजले, तर 49.993. अॅल्युमिनियम 15 डिग्रीनी थंड झालं की 50 मिलिमीटरवर साधारण 17 मायक्रॉन, म्हणजे 0.017 मिलिमीटर, आवळतं, तेवढ्यात जॉब अंडरसाइज. गाडी गेटवर उभी, काका ओरडतायत, मालकांचा फोन, आणि मॅडमनी रिजेक्टचा टॅग लावला तो लावलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः मोजलं आणि गुपचूप बोअर पुन्हा मारायला घेतला.

आणि या किस्स्यावर काकांनी फोनवरच जे वाक्य टाकलं ना, "तापलेला जॉब आणि तापलेला माणूस, दोघांचं माप थंड झाल्यावर घ्यायचं, हे मला या पोरीनं शिकवलं", ते ऐकून मी पेन खाली ठेवून हसले. नशीब असं की हे इंग्रजीत जसंच्या तसं जातं, कारण तिथेही लोखंडही कूल डाऊन होतं आणि माणूसही. मी लिहिलं, "नेव्हर मेजर अ हॉट जॉब ऑर अ हॉट-हेडेड मॅन, वेट टिल दे कूल डाऊन." त्या किस्स्याच्या जोरावर "कुणाच्या बापाचं ऐकत नाही" हे मी न घाबरता ठेवलं, "शी डझन्ट लिसन टू एनीबडी, नॉट इव्हन टू देअर फादर्स", आणि लगेच पाठोपाठ किस्सा. हट्टीपणा आधी आणि त्याचं कारण लगेच नंतर, म्हणजे नवीन साहेबांनाही कळतं की ही तक्रार नाही.

दुसरा विनोद अवघड होता. "मुलगी बघायला गेलो तेव्हा जेवढ्यांनी मला नकार दिला नसेल तेवढे जॉब या बाईनं नाकारले." यात कांदेपोहे, दोन्हीकडची माणसं, कळवतो म्हणून न कळवणं, हे सगळं आपल्या डोक्यात आधीपासून असतं. इंग्रजीत ते समजावत बसलं की विनोद संपला. मी फक्त एक शब्द आत सरकवला, फॅमिलीज. "बिफोर आय गॉट मॅरीड, मेनी फॅमिलीज रिजेक्टेड मी." मुलीनं नाही, कुटुंबांनी नाकारलं, एवढ्यावर अख्खी पद्धत कळते. मग थांबायचं. मग दुसरं वाक्य, "ऑल ऑफ देम टुगेदर डिड नॉट रिजेक्ट अॅज मच अॅज शी डज इन वन शिफ्ट." मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून "नाकारले" वर हशा येतो, इंग्रजीत ते मध्येच येऊन जातं, म्हणून शेवटाला वन शिफ्ट आणून ठेवलं. विनोदाच्या भाषांतरात मला अर्थापेक्षा जास्त वेळ यातच गेला, हसायचा शब्द शेवटचा पाहिजे, त्याच्यामागे एकही शब्द नको.

कार्यक्रमाच्या आधी काकांशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, तीनेक वाक्यं झाली की थांबायचं आणि सरबताचा घोट घ्यायचा, ती माझी खूण. दोन, मी इंग्रजीत "मी" म्हणणार, "काका म्हणतात की" असं नाही. बोलणाऱ्याच्या तोंडानेच बोलायचं असतं, नाहीतर बातमी वाचल्यासारखं होतं आणि बातमीला कोण हसतं. काकांना पटेना, "तुम्ही बाईमाणूस, माझ्या लग्नाचं मी म्हणून कसं सांगणार?" म्हटलं, बघाच तुम्ही.

चार वाजता सुरू झालं, तिकडे सकाळचे साडेदहा. कॅन्टीनमध्ये कोकम सरबताचे ग्लास, स्क्रीनवर तिकडच्यांचे कॉफीचे मग. काकांनी नकाराचा विनोद मारला आणि पत्र्याचं छत उडेल असे सगळे हसले. इथे एक अडचण असते जी सरावाशिवाय कळत नाही. खोली हसते तेव्हा परदेशातले लोक नुसते बघत असतात, काय चाललंय ते त्यांना कळत नाही, आणि हसण्याच्या आवाजात आपण बोललो तर शब्द वाहून जातात, पूर्ण शांत व्हायची वाट बघितली तर विनोद शिळा होतो. हसणं ओसरायला लागलं की, अजून दोघंतिघं हसत असताना, तेव्हा सुरू करायचं. मी सुरू केलं, गंभीर चेहऱ्याने म्हटलं की लग्नाआधी मला पुष्कळ कुटुंबांनी नाकारलं, स्क्रीनवर सगळ्यांच्या भुवया वर, मग वन शिफ्ट, आणि क्षणभर काहीच नाही. व्हिडिओ कॉलवर हसू उशिरा पोचतं. काका पुढचं वाक्य सुरू करणार तेवढ्यात मी टेबलावर हात ठेवला, थांबा, आणि मग आलं हसू तिकडून, आणि ते ऐकून आमची खोली पुन्हा हसली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लेथ चालवून दाखवला.

केसांचा विनोद तर पाण्यासारखा गेला. "पाच मायक्रॉनसाठी जॉब परत, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा, आणि मॅडम, माझे केस तुमच्यामुळेच गेले." दोन्हीकडे मायक्रोमीटर वापरणारीच माणसं, काहीच करावं लागलं नाही.

मग काका ठरल्याबाहेर गेले. मला वाटलंच होतं. मॅडमकडे वळून म्हणाले, "पोरी, आता तू कस्टमर झालीस. तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकू नको, इकडं भोसरीत येऊन बघ." आणि घोट घेतला. इंग्रजीत यासाठी तयार बोलणं असतं, मागच्या सीटवरून गाडी चालवण्याचं, तेच तोंडावर आलं होतं. पण काकांचा उंट गेला असता ना. जिमी कार्टरनी सांगितलेला किस्सा आहे, जपानमध्ये त्यांच्या विनोदाला खोली कोसळली, नंतर कळलं की दुभाषा म्हणाला होता, साहेबांनी विनोद सांगितलाय, सगळ्यांनी हसा. मला तसं हसू नको होतं. मी उंट ठेवला, "डू नॉट सिट देअर अँड ट्राय टू हर्ड गोट्स फ्रॉम द बॅक ऑफ अ कॅमल. कम डाऊन टू भोसरी."

स्क्रीनवरचे एक वयस्कर साहेब पुढे वाकले आणि म्हणाले, "सो, आर वी द कॅमल?" मी काकांना सांगितलं, ते विचारतायत उंट म्हणजे आम्ही का. आता कस्टमरला उंट म्हणायचं का, सगळी खोली काकांकडे बघतेय, मालक तर सरबत विसरले. काका शांतपणे म्हणाले, "नाही साहेब. उंट म्हणजे ई-मेल." हे मी इतक्या पटकन सांगितलं की मराठी आणि इंग्रजी हशा पहिल्यांदाच एकत्र आला.

शेवटी उखाणा. काकांनी स्वतः जुळवलेला:

"भोसरीच्या शेडमध्ये मशीन फिरतं गरगर,
मॅडम चालल्या साता समुद्रापार, आता कोण करणार जॉबवर कुरकुर?"

उखाण्याचा नुसता अर्थ सांगणं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून देणं, यमक गेलं की काही उरत नाही. रात्री यावरच सगळ्यात जास्त बसले होते. साता समुद्र सोडले, मॅडम सोडल्या, समोरच तर बसल्यात. यमक आणि कुरकुर धरली:

"द लेथ गोज राउंड, द चिप्स फ्लाय फार,
नाऊ हू विल टेल अस हाऊ राँग वी आर?"

चिप्स म्हणजे लेथवर धातूचा कीस उडतो तो, काकांच्या उखाण्यात तो नव्हता, पण काकांच्या शर्टावर रोज असतो, म्हणून घातला आणि तो घालायची परवानगी आधी घेतली होती. ग्लास उचलायची सवय आमच्याकडे कोणाला नाही, पण तिकडे मग वर गेले ते बघून इकडे सरबताचे ग्लास वर गेले. मॅडम उठल्या आणि काकांच्या पाया पडल्या, ते मात्र मी भाषांतर केलं नाही, कोणी विचारलंही नाही.

काही आठवड्यांनी कॉव्हेंट्रीहून मॅडमची पहिली मेल आली, सब्जेक्ट लाइनमध्ये "उंटाकडून", खाली दोन जॉब अंडरसाइज असल्याचा रिपोर्ट. मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी मला उत्तर डिक्टेट केलं, "मॅडमना विचारा, किती डिग्रीला मोजलं?"