दुपारचे दोन एसी आणि गच्चीवरचं ऊन

"गच्चीवर सोलर टाकलं तर दुपारचे दोन एसी त्यावर चालतील का? किती किलोवॅट घ्यावं?"

चालतील. फक्त पॅनेल आणि इन्व्हर्टर एकाच हिशोबाने घेऊ नका. पॅनेल दिवसभराच्या युनिटवर ठरतात, इन्व्हर्टर सगळ्यात जड क्षणावर.

मुलुंडचा एक दातांचा दवाखाना घ्या. वरचा मजला, दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी, वेळ 11 ते 5. क्लँप मीटर लावला तर पहिला तासभर प्रत्येक एसी दीड किलोवॅट ओढतो, खोली गार झाली की 800 वॅटच्या आसपास येतो. म्हणजे पहिल्या तासाचे 3 आणि पुढच्या पाच तासांचे 8, असे दिवसाला 11 युनिट. मुंबईत 1 किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज साधारण 4 युनिट देतात, तेव्हा 3 किलोवॅट पुरतात. त्याला सावली नसलेली 300 चौरस फूट गच्ची लागते.

पण घड्याळ जुळत नाही. मे महिन्यात मुंबईत सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो. पॅनेल इतके तापतात की 3 किलोवॅटमधून तेव्हाही सव्वादोन किलोवॅटच मिळतात. साडेचारला ते सव्वा किलोवॅटच्या आसपास येतात, आणि नेमकी तेव्हा तापलेली स्लॅब खोलीत उष्णता सोडत असते. एसी पुन्हा जोर धरतात. मीटर नेट मीटरिंगचा असेल तर हरकत नाही: दुपारी बाहेर गेलेले युनिट बिलातल्या युनिटमधून वजा होतात.

लाइट गेली तर? वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तेव्हाही एसी हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड घ्यावा लागतो, आणि तिथे तो जड क्षण मोजायचा. दोन्ही एसी एकदम सुरू झाले तर 3 किलोवॅट, वर दातांची खुर्ची, हवेचा कॉम्प्रेसर, दिवे. म्हणून 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर. एखादा एसी जुना, साध्या कॉम्प्रेसरचा असेल तर तो सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो. घरघर होते, इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो आणि ट्रिप होतो. माझं मत विचाराल तर बॅकअपवर एकच एसी ठेवा. मुंबईत लाइट जाते कितीशी!

कोटेशन घेण्याआधी दुपारी 2 ते 5 गच्चीवर थांबून पश्चिमेच्या टॉवरची आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखा. साध्या जोडणीत एका पॅनेलवरची सावली त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही खाली ओढू शकते. त्या रेषेच्या आत, सावलीच्या बाजूला, पॅनेल बसवायला कोणी सांगत असेल तर त्याला नाही म्हणा.