माझा अनुभव : एक्स्चेंज कर्व्ह निघाला, पण पाच आठवडे गेले तारखांत

मी एका स्पेअर पार्ट्स विक्रेत्याकडे स्टोअर्स सांभाळतो. सेफ्टी स्टॉकमध्ये एकूण किती पैसे अडकवले तर सगळे आयटम मिळून किती सेवा देता येते, हे एका रेषेवर दाखवायचं काम साहेबांनी दिलं होतं. आडव्या अक्षावर रुपये, उभ्यावर सेवा. गणित तीन दिवसांत झालं. बाकीचे पाच आठवडे अकाउंट्सच्या खिडकीपाशी गेले आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

आमचा नियम साधा होता : प्रत्येक आयटमला पंधरा दिवसांचा सेफ्टी स्टॉक. ऐकायला न्याय्य वाटतं, पण तसं नाही. एक बेअरिंग आहे, किंमत ₹4,000, महिन्याला 40 नग. गिऱ्हाईक ठरलेलं, त्यामुळे लीड टाइममधल्या, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या, मागणीत चढउतार फक्त 5 नगांचा. त्याला 20 नग जादा, म्हणजे ₹80,000. दुसरीकडे ₹50 ची ऑइल सील. महिन्याला 60 नग, पण चढउतार 30 चा, आणि तिला जादा 30 नग, ₹1,500. बेअरिंग कधीच संपत नव्हतं. सील मात्र दर सहा-सात ऑर्डरींत एकदा संपायची.

कर्व्ह काढताना प्रत्येक तुटवड्याला सगळ्या आयटमसाठी एकच दंड धरायचा, म्हणजे एक तुटवडा इतक्या रुपयांचा. त्या दंडावरून प्रत्येक आयटमचा सेफ्टी स्टॉक निघतो. सगळ्यांचे पैसे आणि सगळ्यांचे तुटवडे जोडले की एक बिंदू मिळतो. दंड बदलला की पुढचा बिंदू. एका दंडाला बेअरिंग 10 वर आलं आणि सील 90 वर गेली. दोन्ही मिळून ₹81,500 चे ₹44,500 झाले. दोन्हींच्या वर्षाला बारा-बारा ऑर्डरी धरल्या, तर वर्षाला जवळजवळ दोन तुटवडे होते, ते तीन-साडेतीन वर्षांत एकावर आले.

पण हे आकडे शेवटी मिळाले. पहिल्यांदा सिस्टिममधून लीड टाइम काढून कर्व्ह काढला आणि आमची आजची स्थिती त्यावर मांडली, तर आमचा बिंदू रेषेच्या वर आला! ही रेषा म्हणजे तेवढ्या पैशांत होऊ शकणारी सर्वांत चांगली सेवा. ठोकळ नियमाने चालणारं स्टोअर तिच्या वर जाऊच शकत नाही. वाटलं, आपण शेजारच्या डीलरकडून उसना माल आणून वेळ निभावतो, म्हणून सेवा जास्त दिसत असेल. ते काढून टाकलं, तरी बिंदू वरच.

मग बेअरिंगच्या जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी, एकेक उघडल्या. लीड टाइम 41 दिवस, मागेपुढे 12. आमचा माल एवढा उशिरा येतच नाही. अकाउंट्समध्ये विचारलं तेव्हा कळलं, जीआरएनला तारीख पडते ती बिल बुक झाल्याच्या दिवसाची. माल कधीचा रॅकवर असतो आणि बिल दरावरून अडकलेलं. खऱ्या तारखा मागितल्या. आधी मेल करा म्हणाले, मग साहेबांची सही आणा, मग महिनाअखेर झाल्यावर या. महिनाअखेरनंतर ऑडिट आलं.

शेवटी गेटवरच्या काकांनी मार्ग काढला. त्यांचं आवक रजिस्टर, निळ्या शाईत गाडी नंबर, चलन नंबर, वेळ, सगळं ओळीने लिहिलेलं. दोन वर्षांची चार रजिस्टरं मी घरी नेली आणि चलन नंबर जुळवत बसलो. बेअरिंगचा खरा लीड टाइम निघाला 30 दिवस, मागेपुढे एखादा दिवस. खोट्या तारखांनी चढउतार 5 ऐवजी 17 दिसत होता, म्हणून तेवढ्याच सेवेला कर्व्ह बेअरिंगसाठी 10 ऐवजी 34 नग मागत होता, ₹1,36,000 चे. नवी रेषा डावीकडे सरकली आणि आमचा बिंदू तिच्या खाली, जिथे असायला हवा तिथे आला. त्या रात्री खरंच समाधानाने झोपलो.

एक राहिलंच, हे आधी करा : डेड स्टॉक बाजूला काढा. त्याचे पैसे आडव्या अक्षावर आले, तर आजचा बिंदू उगाच उजवीकडे जातो आणि बचत फुगलेली दिसते. आणि सेवा कशी मोजायची, ऑर्डर सायकलमध्ये तुटवडा न येणं की मागितलेल्या नगांपैकी दिलेले नग, हे साहेबांकडून लिहून घ्या. दोन्हींची रेषा वेगळी निघते.

बैठकीत साहेबांनी 99.9 टक्के मागितले. एका आयटमवर दाखवलं : 95 वरून 99 ला जायला सेफ्टी स्टॉक चढउताराच्या 0.68 पट वाढवावा लागतो, आणि 99 वरून 99.9 ला त्याहून जास्त, 0.76 पट. त्यांनी बराच वेळ रेषेकडे पाहिलं आणि बोट 98 वर ठेवलं. गेल्या सोमवारपासून जीआरएनवर गेटची तारीख पडते.