स्टॉपच्या वरून उडी मारून गेलेला भाव

ऑक्टोबर २००८ मध्ये मी लंडनमधील एका लहान गुंतवणूक फंडात काम करत होते. फंडाचे भांडवल सुमारे ६ कोटी युरो होते आणि आमच्या तीन जणांच्या गटाकडे युरोपीय शेअरांतील जोड-व्यवहार होते. एकाच कंपनीचे दोन प्रकारचे शेअर असतील आणि त्यांच्या भावांतील अंतर अवास्तव वाढले असेल, तर स्वस्त शेअर विकत घ्यायचा, महाग शेअर शॉर्ट करायचा, म्हणजे उसना घेऊन विकायचा आणि पुढे विकत घेऊन परत करायचा, आणि अंतर कमी होण्याची वाट पाहायची, असे त्याचे स्वरूप होते. फोक्सवागन हे त्या वर्षीचे सर्वांत ठळक उदाहरण होते. कंपनीचे मताधिकार असलेले सामान्य शेअर आणि मताधिकार नसलेले प्रेफरन्स शेअर यांचा हक्क एकाच नफ्यावर होता, तरी सामान्य शेअरचा भाव प्रेफरन्सच्या कित्येक पट झाला होता. सामान्य शेअर महाग आहे याबद्दल आमच्या गटात दुमत नव्हते, आणि पुढचे वर्ष संपेपर्यंत त्याचा भाव १०० युरोच्या खाली आला तेव्हा ते मत बरोबरही ठरले. तरीही या व्यवहारात आम्ही मोठा तोटा सोसला.

त्या शेअरमध्ये ऑक्टोबरच्या पूर्वार्धातही जोरदार उसळी येऊन गेली होती. ती ओसरल्यावर, महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, आम्ही दोन-तीन दिवसांत १०,००० सामान्य शेअर सरासरी २३० युरोंना शॉर्ट केले. म्हणजे २३ लाख युरोंची पोझिशन झाली. सक्तीचा स्टॉप, म्हणजे भाव विरुद्ध गेल्यास पोझिशन बंद करण्याची मर्यादा, सरासरीपेक्षा २५ टक्के वर, २८७.५० युरोंवर लावला. तो गाठला गेला तर नुकसान पावणेसहा लाख युरो, म्हणजे भांडवलाच्या एक टक्क्याहून थोडे कमी, असा आमचा हिशेब होता.

शॉर्ट करण्यासाठी शेअर आधी उसने घ्यावे लागतात आणि त्या उसनवारीचे भाडे द्यावे लागते. मोठ्या, सहज उपलब्ध असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत हे भाडे वर्षाला अर्ध्या टक्क्याच्याही आत असते, त्यामुळे अनेक जण ते हिशेबातच धरत नाहीत. आमच्या ब्रोकरने मात्र या शेअरसाठी वार्षिक २० टक्के दर सांगितला. २३ लाखांवर २० टक्के आणि वर्षाचे ३६० दिवस धरले, तर रोजचे भाडे जवळपास १,२८० युरो होते. सहा महिने थांबायचे ठरवले तर दर शेअरमागे २३ युरो भाड्यातच जाणार, म्हणजे भाव २०७ च्या खाली गेल्याशिवाय त्या विक्रीत आम्हाला एक युरोही सुटणार नव्हता. हे भाडे विक्रीच्या भावावर नव्हे तर रोजच्या बाजारभावावर आकारले जाते. भाव चढला की भाडेही चढते आणि दर वाढला तर दोन्हींचा गुणाकार होतो.

शुक्रवारी, २४ ऑक्टोबरला, ब्रोकरकडून दोन निरोप आले. नव्या उसनवारीचा दर २६ टक्के झाला होता, आणि ज्या संस्थेचे शेअर आमच्याकडे होते तिने त्यांपैकी २,००० शेअर परत मागितले होते. उसना देणारा कधीही शेअर परत मागू शकतो, आणि दिलेल्या मुदतीत दुसरीकडून उसने मिळाले नाहीत तर बाजारातून मिळेल त्या भावाने विकत घेऊन परत करावे लागतात. मी दुपारभर फोन करून दुसऱ्या एका ब्रोकरमार्फत ते २,००० शेअर मिळवले आणि काम झाले म्हणून घरी गेले. माझी सर्वांत मोठी चूक तीच होती, असे मी आजही मानते. त्या दिवशी भाव सुमारे २११ वर बंद झाला होता आणि पोझिशन नफ्यात होती, म्हणून मी भाड्याची वाढ हा केवळ खर्च समजले. खरे तर भाव खाली येत असताना भाडे वर जात होते. विकायला शेअर आहेत, पण उसने द्यायला नाहीत, असा त्याचा अर्थ होता. हे शेअर नेमके कोणाच्या हाती जाऊन बसले आहेत, हा प्रश्न मी त्याच दिवशी विचारायला हवा होता.

त्याचे उत्तर रविवारी, २६ तारखेला मिळाले. मंगळवारी लक्ष्मीपूजन होते, म्हणून मी घरी चकलीची भाजणी भिजवत होते, तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन आला. पोर्शे कंपनीने निवेदन प्रसिद्ध केले होते: फोक्सवागनचे ४२.६ टक्के सामान्य शेअर तिच्याकडे आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांइतके ऑप्शन, म्हणजे शेअरचा भाव चढल्यास फायदा देणारे करार, तिने घेतलेले आहेत. दोन्ही मिळून ७४.१ टक्के. लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सरकारकडे २० टक्क्यांहून थोडे अधिक शेअर होते आणि ते विकले जाण्याचा प्रश्नच नव्हता. ऑप्शन रोखीत मिटवायचे असले, तरी ते लिहून देणाऱ्या बँका स्वतःच्या बचावासाठी तितके शेअर घेऊन ठेवतात, त्यामुळे तेही बाजारातून गेलेलेच असतात. बाजारात खऱ्या अर्थाने फिरणारे शेअर सहा टक्क्यांच्याही आत उरले होते, आणि त्यांतला काही भाग जर्मन शेअर बाजाराच्या डॅक्स निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांकडे होता, ज्यांना तो सहजी विकता येत नाही. शॉर्ट केलेले शेअर मात्र याच्या दुपटीच्या आसपास होते. म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी विकत घ्यायचे ठरवले तर सगळ्यांना पुरतील एवढे शेअर अस्तित्वातच नव्हते. शॉर्ट स्क्वीझ म्हणतात तो हाच. अशा वेळी कंपनीचे मूल्य किती, हा प्रश्न गैरलागू होतो आणि ज्याला शेअर परत करायचाच आहे तो किती देऊ शकतो, एवढ्यावर भाव ठरतो.

सोमवारी सकाळी बाजार उघडला तेव्हा भाव आमच्या स्टॉपच्या कितीतरी वर होता. २८७.५० ला एकही व्यवहार आमच्या वाट्याला आला नाही. स्टॉप म्हणजे त्या भावाला बाहेर पडण्याची हमी, असे आम्ही मनाशी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो भाव ओलांडला गेल्यावर खरेदीचा आदेश बाजारात जातो, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि समोर विक्रेता कोणत्या भावाला उभा असेल हे आदेशाच्या हाती नसते. आमचे पहिले ४,००० शेअर सरासरी ३५६ युरोंना आले.

यानंतर जे घडले ते सांगताना मला आजही जड जाते. नियम स्पष्ट होता: स्टॉप लागला की संपूर्ण पोझिशन बंद करायची, मध्ये कोणाशी चर्चा करायची नाही. मी मात्र आमच्या जोखीम अधिकाऱ्याला थांबण्याची विनंती केली. पहिली घबराट ओसरली की भाव खाली येईल, इतक्या वरच्या भावाला घेणे अविचाराचे आहे, आपला मूळ तर्क आजही खरा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, की तर्क खरा असेल, पण उद्या उसने शेअर परत मागितले तर ते कुठून आणणार? माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी उरलेले ६,००० शेअर ताबडतोब घ्यायला सांगितले. या बोलण्यात गेलेल्या वेळात भाव चढतच राहिला आणि ते शेअर सरासरी ४४२ युरोंना मिळाले.

हिशेब असा झाला. १०,००० शेअर परत घ्यायला ४० लाख ७६ हजार युरो लागले, सरासरी ४०७.६०. विक्रीतून आलेले २३ लाख वजा केले तर तोटा १७ लाख ७६ हजार, भांडवलाच्या जवळपास तीन टक्के, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या तिप्पट. त्यांतले पाच लाख १६ हजार फक्त माझ्या थांबण्याच्या विनंतीचे होते, कारण सगळे शेअर ३५६ ला घेतले असते तर तोटा १२ लाख ६० हजारांवर थांबला असता. प्रेफरन्स शेअरांनी या उसळीत साथ दिली नाही, त्यामुळे जोडीची दुसरी बाजू आमच्या काहीच कामी आली नाही. दोन शेअर एकाच कंपनीचे असले तरी कोंडी एकाच प्रकारच्या शेअरची होऊ शकते, हे आमच्या जोखमीच्या तक्त्यात कुठेच नव्हते. जोडी म्हणजे संरक्षण, असे गृहीत धरून तिथे निम्मीच जोखीम मांडली होती.

सोमवारी भाव ५२० वर बंद झाला. मंगळवारी तो काही काळ १,००० च्याही वर गेला, आणि बाजारमूल्याने ती कंपनी तेवढ्यापुरती जगातील सर्वांत मोठी ठरली. त्या दिवसाचा बंद भाव ९४५ होता. आम्ही थांबलो असतो तर तोटा ७१ लाखांवर गेला असता, म्हणजे फंडाचा बारा टक्के. विकत घेतलेला शेअर पडू लागला की आपली पोझिशन आपोआप लहान होत जाते. शॉर्टमध्ये नेमके उलटे होते. आमची २३ लाखांची पोझिशन ९४५ ला ९४ लाखांची झाली असती, आणि तेवढ्या रकमेवर तारण व भाडे मागितले गेले असते. बुधवारी पोर्शेने शॉर्ट करणाऱ्यांची अडचण कमी व्हावी म्हणून पाच टक्क्यांपर्यंत शेअर मोकळे होतील असे जाहीर केल्यावर भाव ५१७ पर्यंत उतरला. तोही आमच्या ४०७ च्या कितीतरी वरच होता, आणि हे नमूद करणे मला आवश्यक वाटते, कारण थांबायला हवे होते असे नंतर आम्हाला अनेकांनी सांगितले.

नोव्हेंबरमध्ये जोखीम अधिकारी आणि मी मिळून शॉर्टचे नियम नव्याने लिहिले. शॉर्टचा आकार स्टॉपच्या अंतरावरून ठरवणे आम्ही बंद केले. त्याऐवजी, भाव एका रात्रीत दुप्पट झाला तरी तोटा भांडवलाच्या एक टक्क्याच्या आत राहील, एवढीच पोझिशन घ्यायची असे ठरले. या हिशेबाने आम्हाला १०,००० ऐवजी सुमारे २,६०० शेअरच शॉर्ट करता आले असते. उसनवारीचा दर आठवड्याभरात दीडपट झाला तर भावाकडे न पाहता निम्मी पोझिशन बंद करायची, आणि शेअर परत मागितले गेले तर दुसरा देणारा न शोधता तेवढे शेअर विकत घेऊन परत करायचे. दुसरा देणारा मिळतो तेव्हा अडचण सुटल्यासारखे वाटते, पण तोही त्याच आटत चाललेल्या विहिरीतून पाणी काढत असतो. मोकळ्या शेअरांचा हिशेब कंपनीच्या वार्षिक अहवालातील टक्केवारीवरून न करता, मोठे धारक, सरकार, निर्देशांक फंड आणि ऑप्शनपोटी अडकलेले शेअर वजा करून करायचा. ऑप्शनची माहिती बहुतेक वेळा उघड नसते, त्यामुळे हा आकडा अंदाजच राहतो, आणि म्हणूनच आकाराचा नियम सर्वांत वर ठेवला.

स्टॉप लागल्यावर चर्चा नाही, हा नियम आधीपासून होताच. त्यात एवढाच बदल केला, की स्टॉपनंतरची खरेदी ज्याने ती पोझिशन सुचवली त्याच्या हातून होणार नाही. तो बदल मीच सुचवला. पुढच्या फेब्रुवारीत एका दुसऱ्या शेअरच्या उसनवारीचा दर चार दिवसांत सहावरून दहा टक्क्यांवर गेला, तेव्हा आम्ही निम्मा शॉर्ट नफ्यात असतानाच बंद केला. तो शेअर त्यानंतर आणखी बराच घसरला. मी त्या दिवसाच्या नोंदीत दर, वेळ आणि शेअरांची संख्या लिहिली आणि उरलेल्या निम्म्या पोझिशनच्या भाड्याचा हिशेब नव्या दराने मांडला.