आमची वाटचाल : उक्त्याचे पैसे हजेरीवर कसे वाटतो

आमची फर्म छोटीच आहे, पुण्यात धायरी, नऱ्हे, वारजे या पट्ट्यात बंगले आणि छोट्या बिल्डिंगचं बांधकाम अन् प्लास्टर घेतो. सुरुवातीला सगळं हजेरीवर चालायचं. मालक रोजचे पैसे देणार, आम्ही माणसं लावणार. पण पुढे घरमालकच म्हणायला लागले की आम्हाला हजेरी बघत बसायला वेळ नाही, एक आकडा सांगा आणि काम उरकून द्या. मग उक्ती कामं घ्यायला लागलो आणि तिथूनच खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण आकडा ठरवणं सोपं असतं, तो मिस्त्री आणि बिगारी यांच्यात वाटणं अवघड.

बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की मिस्त्री लोक उक्तं अंगावर घेतात, बिगाऱ्याला त्याची हजेरी देतात आणि वर जे उरेल ते मिस्त्री आपापसात वाटून घेतात. बाहेरून बरोबर वाटतं, पण साईटवर उभं राहून बघा. मिस्त्रीला घाई असते, बिगाऱ्याला कशाला असेल? काम १५ दिवसात झालं काय अन् २० दिवसात झालं काय, उलट २० दिवसात झालं तर त्याचीच हजेरी वाढते. मग माल कालवायला उशीर, घमेलं वर पोचायला उशीर, आणि मिस्त्री थापी हातात धरून, उंचावर काम करायला बांधलेल्या पहाडावर बसलेला. प्लास्टरला तर मिस्त्रीचा वेग हा बिगाऱ्याच्याच हातात असतो. म्हणून आमच्याकडे नफ्यात सगळे.

पण सगळ्यांना सारखे पैसे असंही नाही, ते टिकत नाही. छताला ओळंबा-गुण्यात प्लास्टर करणारा आणि वाळू चाळणारा, दोघांची बाजारातली हजेरीच वेगळी आहे. म्हणून ज्याची जी हजेरी, तेवढा त्याचा हिस्सा. हजेरीचा रेट गुणिले भरलेले दिवस, ही प्रत्येकाची रक्कम. सगळ्यांची बेरीज करायची, वाटायला जे पैसे उरले त्याला या बेरजेने भागायचं, की हजेरीच्या एका रुपयाला किती पडले ते कळतं. याला आमच्यात ‘रुपयाला किती पडलं’ असंच म्हणतात.

धायरीच्या एका बंगल्याचं आतलं प्लास्टर घेतलं होतं त्याचा हिशोब सांगतो. माप साधारण ४४०० स्क्वेअर फूट, मनात फुटाला २५ रुपये धरून उक्तं १,१०,००० ठरलं, मटेरियल मालकाचं. त्यातले १० टक्के म्हणजे ११,००० फर्मचे. पहाडाचं भाडं, टेम्पो आणि किरकोळ असे ७,००० गेले. उरले ९२,०००. आता माणसं. मोठा मिस्त्री १२०० हजेरी, २० दिवस, झाले २४,०००. दुसरा मिस्त्री १००० ने १८ दिवस, १८,०००. माल कालवणारा जुना बिगारी ८०० ने २० दिवस, १६,०००. एक मावशी ७०० ने २० दिवस, १४,०००. आणि एक पोरगा ८०० ने १० दिवस भरून गावाला गेला, ८,०००. बेरीज ८०,०००. ९२,००० ला ८०,००० ने भागलं की १.१५, म्हणजे रुपयाला १ रुपया १५ पैसे पडले. मोठ्या मिस्त्रीला २७,६००, दुसऱ्याला २०,७००, जुन्या बिगाऱ्याला १८,४००, मावशींना १६,१००, पोराला ९,२००. बेरीज करून बघा, बरोबर ९२,००० होते.

(मावशींचा रेट ७०० का ते विचाराल तर त्या माल कालवत नाहीत, फक्त पाणी मारणं, चाळणं आणि साफसफाई. तेच काम कुणी पुरुषाने केलं तरी ७०० च. एकाच कामाला बाईला कमी रेट लावणं कायद्यानेही चालत नाही.)

भांडण होतं ते बहुतेक वेळा उचलीवरून. दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, कुणी जास्त घेतो, कुणी कमी. मावशींनी ९,००० उचललेले होते. काही मुकादम काय करतात, सगळी उचल आधी एकूण पैशातून वजा करतात आणि उरलेलं हजेरीच्या हिशोबाने वाटतात. असं केलं की एकाने घेतलेली उचल सगळ्यांच्या वाट्यातून कापली जाते, आणि ज्याने काहीच उचललं नाही तो मरतो. उचल हा कामाचा खर्च नाही, त्या माणसाने आधी घेतलेला स्वतःचाच पैसा आहे. म्हणून वाटणी पूर्ण करायची आणि मग प्रत्येकाच्या नावातून त्याची उचल वजा. मावशींना १६,१०० वजा ९,००० म्हणजे शेवटी ७,१०० हातात. पहाडाचं भाडं मात्र आधीच काढायचं, ते सगळ्यांचं आहे.

मधेच गेलेल्या पोराचं काय? मोठा मिस्त्री म्हणाला, “मालक, तो छत यायच्या आधीच पळाला, त्याला हजेरीच द्या, वरचा नफा कशाला?” त्याचंही चूक नाही, छत म्हणजे मान मोडणारं काम. पण पोरगा आजोबा वारले म्हणून गेला होता, आणि सुरुवातीलाच ठरलंय की भरलेल्या दिवसांवर हिस्सा. त्याला जाताना खर्ची वजा करून हजेरी दिली आणि वरचे १,२०० अंतिम बिल मिळाल्यावर ऑनलाईन टाकले. न सांगता गायब झालेल्याला फक्त हजेरी, हा नियमही आधीच सांगितलेला असतो, त्याचा वरचा हिस्सा बाकीच्यांत जातो.

हजेरी वहीत संध्याकाळीच लिहायची, सगळ्यांसमोर, अर्धी, पाऊण, दीड जे असेल ते. कारण एकाचा एक दिवस खोटा वाढला तर खालची बेरीज वाढते आणि सगळ्यांचा रुपया कमी पडतो. त्यामुळे मला पोलिसगिरी करावी लागत नाही, टीमच एकमेकांवर नजर ठेवते. रेटही काम सुरू व्हायच्या आधी ठरतो. मिस्त्रीने पुतण्याला आणून “हा पण मिस्त्रीच आहे” म्हटलं तर एक भिंत करायला लावतो, रंधा कसा फिरवतो ते दिसतंच, अर्धा मिस्त्री असेल तर रेट मधला. घरमालकाने मधेच छज्जा नाहीतर कट्टा असलं जादा काम काढलं की ते दिवस वहीत वेगळ्या पानावर, त्याचे पैसे हजेरीवर वेगळे. ते उक्त्याच्या बेरजेत घुसवलं की रुपयाला काय पडलं तेच खरं कळत नाही.

आणि तोटा झाला तर? समजा पाऊस, मालकाची वाळू उशिरा, काम लांबलं, आणि त्याच ८०,००० हजेरीच्या समोर वाटायला ७२,००० च उरले. गणिताने रुपयाला ९० पैसे पडतात. पण बिगाऱ्याला त्याच्या हजेरीपेक्षा कमी आम्ही देत नाही, त्याने उक्त्याचा आकडा ठरवलेला नसतो आणि किमान वेतनाच्या खाली जाणं तर बेकायदेशीरच. कमी पडलेले ८,००० आधी फर्मच्या ११,००० मधून जातात, म्हणजे सगळ्यांना पूर्ण हजेरी आणि आम्हाला ३,०००. तेही संपले आणि तरी खड्डा राहिला तर मात्र दोन्ही मिस्त्री आणि मी, आम्ही वाटून घेतो, कारण आकडा सांगायला साईटवर आम्ही तिघेच गेलो होतो.